निवड चाचणीतील वय आणि वाढ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "कट-ऑफ तारीख सगळ्यांना सारखीच असते, वर हाडांची चाचणीही होते. मग लहानखुऱ्या मुलांना वेगळी सवलत कशासाठी? ज्याच्यात दम आहे तो उशिरा का होईना पुढे येतोच. मैदानावर कामगिरी बघावी, जन्मदाखला नव्हे."

सप्रेम नमस्कार. आपण मुलांना प्रत्यक्ष शिकवता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हाडांच्या चाचणीविषयी. बीसीसीआय 16 वर्षांखालील मुलांच्या डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने हाडांचे वय ठरवते. तिचा हेतू वय लपवणाऱ्याला अडवण्याचा आहे. ती वरची मर्यादा आखून देते. त्या मर्यादेच्या आत कोण झपाट्याने वाढला आणि कोणाची वाढ अजून सुरूही झालेली नाही, याची भरपाई करणे तिचे काम नाही. आणि तारखेचे म्हणाल, तर 1 सप्टेंबर ही तारीख सर्वांना सारखी असली, तरी 14 वर्षांखालील गटानंतर थेट 16 वर्षांखालील गट असेल, तिथे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकाच नेटमध्ये उभे राहतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. जन्मतारखेमुळे मिळणारा फायदा कॅलेंडरचा असतो, तर वयात लवकर येण्याचा फायदा शरीराचा असतो, आणि या दोहोंची सांगड असतेच असे नाही. म्हणूनच नुसता जन्ममहिन्यानुसार कोटा ठेवला, तर ऑगस्टात जन्मलेल्यांपैकी जो आधीच अंगाने भरला आहे तोच निवडला जाण्याचा संभव असतो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

एक हिशेब मांडून बघू. दोन वेगवान गोलंदाज आहेत आणि दोघांचेही वय 13 वर्षे 9 महिने आहे. पहिल्याची उंची 168 सेंमी आणि अपेक्षित प्रौढ उंची 172. म्हणजे तो जवळजवळ 98 टक्के वाढला आहे. दुसऱ्याची उंची 148 आणि अपेक्षित उंची 174. तो 85 टक्क्यांवर आहे. पहिल्याची उंची आता चार सेंमीच वाढायची आहे, दुसऱ्याची सव्वीस. आज पहिल्याचा चेंडू उसळतो, यष्टिरक्षक मागे सरकतो आणि निवड समितीची नजर तिथेच खिळते. तीन वर्षांनी मात्र कदाचित दुसराच उंच असेल. जन्मदाखल्यात हे दिसत नाही, कारण दोघांचे वय सारखेच आहे.

अपेक्षित उंची काढण्यासाठी खामिस-रोश पद्धतीत मुलाचे वय, उंची व वजन आणि आईवडिलांची उंची लागते. आईवडिलांची उंची विचारून न घेता मोजावी, कारण सांगितलेली उंची बहुधा वाढीव असते. ही सूत्रे अमेरिकेतील गोऱ्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत आणि तिथेही दोनेक सेंमीची चूक सहज होते. त्यामुळे 89 आणि 91 टक्क्यांच्या मुलांत भेद करू नये. 85 आणि 98 मधला भेद मात्र खरा आहे. त्याला जोड म्हणून दर तीन महिन्यांनी, बूट काढून, शक्यतो सकाळी उंची मोजावी. तीन महिन्यांत अडीच सेंमी वाढ दिसली, तर मुलगा ऐन झपाट्यात आहे असे धरावे. या काळात हातपाय आधी लांबतात आणि ताकद मागून येते, म्हणून चांगली असलेली धावण्याची लयही तात्पुरती बिघडू शकते. अशा महिन्यांतल्या एका चाचणीवरून कोणाला वगळू नये आणि त्याची षटकेही कमी ठेवावीत, कारण कंबरेच्या मणक्याला दुखापत होण्याचा धोका याच वयात असतो.

निवडीच्या दिवशी करता येण्याजोगा उपाय फार साधा आहे. मान आणि फान गिन्नेकेन या संशोधकांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या फुटबॉलमधील प्रयोगात, निरीक्षकांना जन्मतारखांची नुसती यादी दिल्याने त्यांचा कल बदलला नाही; पण शर्टांचे क्रमांक वयाच्या क्रमाने लावले आणि तसे त्यांना सांगितले, तेव्हा मोठ्या वयाच्या मुलांकडे झुकणारा कल नाहीसा झाला. माहिती कागदावर असून भागत नाही, मुलाकडे बघताना ती डोळ्यांसमोर असावी लागते. वाढीतल्या फरकासाठी मात्र इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी केले तसे, वय बाजूला ठेवून 85 ते 90 टक्के वाढ झालेल्या मुलांचे सामने वेगळे खेळवावेत. त्यात उशिरा वाढणाऱ्याला कौशल्य दाखवायला वाव मिळतो आणि लवकर वाढलेल्याला नुसत्या ताकदीवर निभावता येत नाही.

"दम आहे तो पुढे येतोच" हे आपल्याला पटते, कारण पुढे आलेलेच आपल्या नजरेसमोर असतात. मागे पडूनही टिकलेला मुलगा पुष्कळदा तंत्रात सरस निघतो, हे मलाही मान्य आहे. परंतु चौदाव्या वर्षी वगळलेल्याचे पुढच्या दोन हंगामांतले सामने आणि चांगला प्रशिक्षक हातचे जातात, आणि खेळ सोडून दिलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. आपल्या क्लबात ती ठेवता येईल. चाचणीला आलेल्या सर्व मुलांच्या जन्मतिमाह्या आणि निवडलेल्यांच्या जन्मतिमाह्या शेजारी शेजारी लिहा. केवळ निवडलेल्यांची यादी बघू नका, कारण ऑगस्टातली मुले चाचणीलाच आली नसतील, तर गळती त्याआधीच, शाळेच्या संघात झालेली असते आणि उपायही तिथेच करावा लागतो.