‘सावुबोना’ मुलांना सांगताना

आमच्या शाळेच्या परिपाठात दर गुरुवारी पाच मिनिटे एखाद्या परक्या भाषेतील एका शब्दासाठी राखून ठेवलेली असतात आणि पुढच्या गुरुवारी ती जबाबदारी माझ्याकडे आहे. मी दक्षिण आफ्रिकेतील झुलू भाषेचे ‘सावुबोना’ हे अभिवादन निवडले आहे. याविषयीचा एक संदेश आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. त्यात लिहिलेले असते की झुलू माणूस समोरच्याच्या डोळ्यांत खोल पाहून ‘मी तुला पाहतो’ असे म्हणतो आणि समोरचा ‘मी आहे’ किंवा ‘शिबोका’ असे उत्तर देतो. हा संदेश जसाच्या तसा मुलांसमोर वाचला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झुलू ही दक्षिण आफ्रिकेत सर्वाधिक घरांत बोलली जाणारी भाषा आहे. २०२२ च्या जनगणनेत तेथील सुमारे २४ टक्के लोकांनी ती घरची भाषा म्हणून नोंदवली. इतकी माणसे जो शब्द रोज उच्चारतात, तो त्यांच्याकडे जसा आहे तसाच आपण सांगायला हवा.

सुरुवात शब्दाच्या घडणीपासून करीन, कारण सारी गंमत तिथेच आहे. ‘सावुबोना’मधील ‘बोना’ म्हणजे पाहणे. त्याच्या आधीचा ‘वु’ हा ‘कु’, म्हणजे ‘तुला’, या अवयवाचे झिजलेले रूप आहे. सुरुवातीचा ‘सा’ मात्र ‘मी’ नाही; तो ‘आम्ही’ आहे, आणि तोही भूतकाळाची खूण घेऊन आलेला. ‘मी तुला पाहतो’ असे झुलूत म्हणायचे असेल तर ‘न्गियाकुबोना’ हे निराळे रूप आहे. म्हणजे शब्दाची फोड केली, तर अर्थ ‘आम्ही तुला पाहिले’ असा निघतो. ‘कु’ची ही झीज कल्पनेतली नाही. १८२० च्या दशकात म्झिलिकाझी या सरदाराबरोबर झुलू प्रदेश सोडून निघालेल्या आणि पुढे आजच्या झिंबाब्वेत स्थिरावलेल्या लोकांच्या न्देबेले भाषेत हेच अभिवादन आजही ‘साकुबोना’ असे आहे. तिथे ‘कु’ शाबूत राहिला आहे.

मराठीत हे कसे सांगावे, यावर मी बराच विचार केला. ‘मी तुला पाहतो’ हे आपल्या कानाला अवघडलेले लागते, आणि त्यात जरा फरक करून ‘तुला पाहून घेतो’ म्हटले तर ती चक्क धमकी होते. आपल्याकडे ‘दिसणे’ हे क्रियापद आहे आणि ते या जागी चपखल बसते. कित्येक दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण ‘अरे, दिसला नाहीस इतक्यात’ असे म्हणतोच. म्हणून मी मुलांना ‘सावुबोना’चा अर्थ ‘दिसलास बरं का आम्हाला’ असा सांगणार आहे. यात ‘आम्ही’ राहतो, भूतकाळ राहतो आणि वाक्य मराठी राहते.

एकट्या माणसाने ‘आम्ही’ का म्हणावे, हा प्रश्न कोणी तरी विचारीलच. काही जण सांगतात की बोलणाऱ्याबरोबर त्याचे घर आणि त्याचे पूर्वजही पाहत असतात. हा अर्थ सुंदर आहे आणि झुलू संस्कृतीत पूर्वजांना मोठे स्थान आहे हेही खरे आहे. पण हा शब्दावर नंतर चढवलेला अर्थ आहे, व्याकरणाने दिलेला नाही, एवढे सांगून मी पुढे जाईन. रोज हा शब्द उच्चारणारा माणूस त्याची फोड मनात करीत नाही, जसे ‘नमस्कार’ म्हणताना आपण ‘नमः’ वेगळा काढून पाहत नाही.

आता उत्तराकडे येतो, कारण सर्वाधिक घोळ तिथेच आहे. ‘सावुबोना’चे उत्तर ‘येबो’ किंवा ‘येबो, सावुबोना’ असे आहे. ‘येबो’ म्हणजे ‘हो’. म्हणजे ‘हो, आम्हालाही तू दिसलास’. ‘शिबोका’ हा शब्द झुलूच्या रोजच्या अभिवादनात कुठेही नाही. ‘न्गिखोना’, म्हणजे ‘मी आहे’, हा मात्र खरा शब्द आहे, फक्त त्याची जागा वेगळी आहे. तो ‘कसा आहेस?’ या पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात येतो. संदेश लिहिणाऱ्याने मधली दोन वाक्ये गाळून तो पहिल्या वाक्याला जोडला आणि साध्या कुशल-प्रश्नाच्या उत्तराला तत्त्वज्ञानाचे रूप आले.

म्हणून मी मुलांसमोर एक पूर्ण भेट उभी करणार आहे. शाळेत निघालेली मुलगी वाटेत शेजारच्या आजीला भेटते. आजीला झुलूत ‘गोगो’ म्हणतात. मुलगी म्हणते, “सावुबोना, गोगो.” आजी म्हणते, “येबो, सावुबोना, म्न्तानामी.” ‘म्न्तानामी’ म्हणजे ‘माझ्या लेकरा’. मग मुलगी विचारते, “निन्जानी, गोगो?” आजी उत्तर देते, “सिखोना.” इथे थांबून मी मुलांना दोन गोष्टी दाखवीन. बरोबरीच्या एकाच व्यक्तीला विचारायचे असते तर प्रश्न ‘उन्जानी’ असा झाला असता. मुलीने अनेकवचनी ‘निन्जानी’ वापरले, म्हणजे आपण आजीला ‘तुम्ही कशा आहात’ म्हणावे तसे. आणि आजीनेही ‘मी आहे’ म्हणजे ‘न्गिखोना’ न म्हणता ‘सिखोना’, ‘आम्ही आहोत’, असे उत्तर दिले; त्या एका शब्दात तिच्या घरातल्या माणसांचे कुशलही येते. समोर अनेक माणसे असतील तर ‘सावुबोना’चेही ‘सानिबोनानी’ होते. आपला ‘नमस्कार’ एकाला आणि शंभरांना सारखाच असतो. झुलू माणसाला मात्र तोंड उघडण्याआधीच समोर किती जण आहेत हे पाहावे लागते.

या भेटीत मुलगी आजीच्या डोळ्यांत डोळे घालून पाहत नाही, हेही सांगायला हवे. झुलू घरांतील जुन्या रीतीप्रमाणे लहानांनी थोरांशी बोलताना नजर खाली ठेवणे हा आदर असतो. हात मिळवायचा असेल तर उजवा हात पुढे करून डावा हात उजव्याच्या कोपराजवळ टेकवतात. म्हणजे ज्या अभिवादनाचा अर्थच ‘पाहिले’ असा आहे, ते खाली वळलेल्या नजरेने उच्चारले जाते. डोळ्यांत खोल पाहण्याची गोष्ट ज्याने रचली, त्याने ही रीत कधी पाहिली नसावी.

उच्चाराचा सराव दोनदा करून घेईन. ‘बो’ किंचित लांबवायचा. त्यातला ‘ब’ श्वास आत ओढल्यासारखा असतो. आमच्या वर्गात सिंधी घरातली दोन मुले आहेत, त्यांच्या भाषेत असा ‘ब’ आहे, म्हणून पहिल्यांदा त्यांनाच म्हणायला सांगणार आहे.

शेवटी निरोप. झुलूत जाणारा आणि राहणारा यांचे शब्द वेगळे आहेत. जाणारा मागे राहणाऱ्याला ‘साला काह्ले’, नीट राहा, असे म्हणतो आणि राहणारा त्याला ‘हाम्बा काह्ले’, नीट जा, असे म्हणतो. आपल्याकडे जाणारा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, हे मुलांना ठाऊक आहेच. गुरुवारी बोलणे संपवून मंचावरून उतरताना मी सगळ्यांना अनेकवचनात ‘सालानी काह्ले’ म्हणेन, आणि मी एकटाच असल्यामुळे साडेतीनशे मुले मला ‘हाम्बा काह्ले’ म्हणतील, अशी तयारी बुधवारीच करून घेतली आहे.