पाऊल लुळं पडलं म्हणजे दर वेळी कंबरच दोषी नसते

«फार वेळ मांडी घालून किंवा उकिडवं बसल्यावर पाऊल उचललं जात नसेल तर कमरेतली नस दबलेली असते. गुडघ्याला गरम तेलाने जोरात मालिश करा, रोज अर्धा तास उकिडवे बसा, आठ दिवसांत पाऊल उचलतं.»

हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो तपासायला खारघरच्या एखाद्या इमारतीत दिवसभर उकिडवं बसून फरशी बसवणारा कारागीर घ्या. संध्याकाळी उठला तर उजवं पाऊल जमिनीला घासतं, चप्पल अडकते. पाऊल आणि अंगठा वर येत नाही, पाऊल बाहेर वळत नाही. नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा आहे. पण तो चवड्यांवर उभा राहू शकतो आणि लोंबतं पाऊल आपण हाताने सरळ धरलं की ते आत वळवू शकतो. कंबर दुखत नाही.

आत वळवणं शाबूत आहे, हा इथला महत्त्वाचा धागा. पाऊल आत वळवणारा स्नायू पाऊल उचलणाऱ्या नसेवर नाही, दुसऱ्या नसेवर चालतो, पण त्याची मुळं कमरेच्या त्याच पातळीवरून येतात. कमरेत मूळ दबलं असतं तर बहुधा तेही कमजोर झालं असतं. म्हणून दाब कमरेत नसून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असावा. तिथे बोटाला टणक हाडाचं टोक लागतं. त्याच्या जरा खाली पाऊल उचलणारी कॉमन पेरोनियल नस हाडाला वळसा घालते आणि वर जवळपास फक्त कातडी असते. उकिडवं बसलं की ती ताणलेल्या स्नायूबंधाखाली चिमटते, तर पायावर पाय टाकून किंवा मांडी घालून बसलं की हाडावर दाबली जाते. नुकतंच वजन झपाट्याने घटलं असेल तर तिथली चरबी कमी होऊन धोका वाढतो.

मग उकिडवं बसणं हा उपाय कसा? तीच तर दुखापत आहे. जोरदार मालिशनेही नस पुन्हा हाडावरच दाबली जाते, आणि बधिर कातडीला तेल किती तापलंय हे कळत नाही, म्हणून भाजतं.

आठ दिवसांचा वायदाही खरा नाही. फक्त नसेचं आवरण दुखावलं असेल तर काही आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांत पाऊल उचलू लागतं. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला अंदाजे १ मिलिमीटर वाढतात. १० सेंटिमीटरवरच्या स्नायूपर्यंत पोचायलाच तीन-चार महिने. नेमकं काय झालंय हे नसेतून संदेश कसा जातो ते मोजणारी नर्व्ह कंडक्शन आणि स्नायूतले विद्युत संकेत तपासणारी ईएमजी या चाचण्या सांगतात. ईएमजी फार लवकर केली तर तंतूंचं नुकसान दिसत नाही, तीन आठवड्यांनंतर ती जास्त बोलते.

तोवर कारागिराने छोट्या स्टुलावर बसून काम करावं, मांडी आणि पायावर पाय टाळावेत. चालताना पाऊल वर धरून ठेवणारी एएफओ स्प्लिंट वापरावी, पण तिचा पट्टा गुडघ्याबाहेरच्या त्या हाडावर येऊ देऊ नये. पोटरी आखडू नये म्हणून टॉवेलने पाऊल स्वतःकडे ओढून ३० सेकंद धरावं, दिवसातून काही वेळा.

तीन महिन्यांत काहीच हालचाल नसेल किंवा कमजोरी वाढत असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात, कारण कधीकधी तिथे गाठ असते. सोबत चेहरा किंवा हात लुळा असेल, लघवीवर ताबा नसेल, किंवा मार लागून पोटरी टणक आणि भयंकर दुखरी झाली असेल, तर वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.