बी-५ च्या गोळीने चरबी का जळत नाही

“व्हिटॅमिन बी-५ पासून कोएन्झाइम ए बनतं आणि चरबी जाळायला तेच लागतं. डाएटमध्ये बी-५ कमी पडलं की चरबी अर्धवट जळते, म्हणून कीटोन तयार होतात. गोळ्यांचा डोस वाढवा, कोएन्झाइम वाढेल, चरबी भराभर वितळेल.”

बी-५ च्या गोळ्यांबद्दल असा दावा केला जातो. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. त्याच्या आडून पुढची दोन खपवली जातात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी डोस. बी-५ म्हणजे पॅंटोथेनिक आम्ल. पेशीत शिरल्यावर त्याचं कोएन्झाइम ए व्हायला पाच पायऱ्या लागतात: एक फॉस्फेट जोडला जातो, मग सिस्टीन हे अमिनो आम्ल, मग त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूमधून आलेला एक तुकडा जोडला जातो आणि शेवटी आणखी एक फॉस्फेट. सिस्टीनकडून मिळालेला गंधक हाच या रेणूचा कामाचा हात, सगळी ओझी तो तिथेच धरतो. पण वेग ठरतो पहिल्याच पायरीवर. तिथलं विकर, म्हणजे एन्झाइम, पॅंटोथेनेट कायनेज, तयार मालाकडूनच रोखलं जातं. पेशीत कोएन्झाइम ए आणि विशेषतः असिटिल-कोए, म्हणजे दोन कार्बनचा तुकडा धरलेलं कोएन्झाइम ए, पुरेसं झालं की ते या विकराला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम मंदावतं. त्यामुळे ज्याच्या आहारात बी-५ ची उणीव नाही, त्याने दहापट घेतलं म्हणून कोएन्झाइम दहापट होत नाही. जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

समजा, कोएन्झाइम थोडं वाढलंही. चरबी जास्त जळेल का? चरबीतलं एक मेदाम्ल, १६ कार्बनचं पाल्मिटिक आम्ल, घेऊन हिशोबच मांडू. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरताना त्याच्याजवळचं कोएन्झाइम ए बाहेरच सुटतं, कार्निटिन हा वाहक रेणू त्याला आत नेतो आणि आतलं एक कोएन्झाइम ए त्याला येऊन चिकटतं. मग सात वेळा कापणी होते. दर कापणीला दोन कार्बनचा तुकडा सुटतो आणि उरलेल्या साखळीला धरायला नवं कोएन्झाइम ए लागतं. म्हणजे आत एकूण आठ लागली आणि आठ असिटिल-कोए हाती आले. पुढे हे आठही आपापला तुकडा ऑक्झॅलोअसिटेट या तिथल्याच रेणूला देतात, सायट्रेट बनतं आणि आठही कोएन्झाइम ए मोकळी होतात. खर्च शून्य. ते जळण नाही, पुन्हापुन्हा भरून रिकामं होणारं भांडं आहे.

हीच भांडी साखरेलाही लागतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून दोन पायरुव्हेट आणि त्यांचे दोन असिटिल-कोए होतात. तुकडा चरबीतून आला की साखरेतून, इथून पुढे फरक उरत नाही. आणि दावा करणारे सोडून देतात तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: चरबी *बनवायलाही* बी-५ लागतं. मेदाम्ल बांधणाऱ्या विकराचा लवचिक हात कोएन्झाइम ए मधूनच काढलेला असतो. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की असिटिल-कोए पासून मॅलोनिल-कोए होतं, त्यातून मेदाम्ल बांधलं जातं आणि तेच मॅलोनिल-कोए कार्निटिनचं दार अडवतं. जाळायचं की साठवायचं हे अशा नियंत्रणांवर आणि शरीराला लागणाऱ्या ऊर्जेवर ठरतं, गोळीवर नाही.

कीटोन म्हणजे यकृत मेदाम्लांपासून बनवतं ते छोटे इंधन-रेणू. त्यांचा मुद्दा तर उलटा आहे. उपाशीपोटी यकृताकडे मेदाम्लांचा ओघ वाढतो, ऑक्झॅलोअसिटेट नवं ग्लुकोज बनवण्याकडे वळतं आणि असिटिल-कोए साचतं. तेव्हा यकृत दोन असिटिल-कोएंपासून असिटोअसिटेट हा एक कीटोन बनवतं आणि त्या हिशोबात दोन कोएन्झाइम ए सुटतात. कीटोन बनणं हीच कोएन्झाइम मोकळं करण्याची वाट आहे. निरोगी माणसाने कर्बोदकं खाल्ली की इन्सुलिन वाढतं आणि कीटोन काही तासांत उतरतात, बी-५ न घेताही. मधुमेह असलेल्या माणसाला मात्र कीटोन वाढून उलट्या आणि धाप सुरू झाली, तर त्याला तातडीने रुग्णालयात इन्सुलिन आणि सलाइन लागतं. अशा वेळी या गोळीवर वेळ घालवणं जिवावर बेतू शकतं.

बी-५ ची खरी कमतरता असते, पण विरळा. १९५० च्या दशकात स्वयंसेवकांना बी-५ नसलेला आहार आणि सोबत त्याला रोखणारा पदार्थ दिला, तेव्हा थकवा, डोकेदुखी आणि हातापायांची जळजळ दिसली. अशा कमतरतेत हे जीवनसत्त्व नक्की काम करतं. प्रौढांसाठी रोजचं पुरेसं प्रमाण ५ मिलिग्रॅम धरलं जातं. रोज १० ग्रॅमच्या आसपास घेतलं, तर जुलाब होऊ शकतात.