पाया जड केला की कंपन जातं?

"यंत्राच्या किमान पाचपट वजनाचा पाया घाला. वजन वाढलं की कंपन कमी होणारच. तरी शेजारी तक्रार करत असेल तर पायाखाली रबर टाका आणि भोवती मीटरभर खोल चर खणा. विषय संपला."

यंत्राच्या पायाबद्दल असा सल्ला मिळतो. त्यातलं आधी वजनाचं पाहू. पाचपटीचा आकडा सुरुवातीच्या अंदाजापुरता ठीक आहे, पण तो मातीबद्दल काहीच सांगत नाही. यंत्र आणि पाया मिळून एक वस्तुमान होतं आणि खालची माती त्याची स्प्रिंग. या जोडीला स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते, म्हणजे एकदा धक्का देऊन सोडली की ती सेकंदाला ठरावीक वेळा हलते. स्प्रिंग तीच ठेवून वजन वाढवलं की ती वारंवारता खाली येते, आणि खाली येता येता यंत्राच्या फेऱ्यांशी जुळली की अनुनाद, म्हणजे कंपन एकदम फुगतं.

१० टनांचा, मिनिटाला ७२० फेऱ्यांचा, म्हणजे १२ हर्ट्झचा पिस्टन कंप्रेसर घ्या. जमीन मध्यम, कातरलहरींचा, म्हणजे माती आडवी हलवत जाणाऱ्या लहरींचा वेग सेकंदाला १५० मीटर. पाया ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, १ मीटर उंच. वजन साधारण २९ टन. कंप्रेसरचा गुरुत्वमध्य पायाच्या माथ्यापासून मीटरभर वर आहे आणि त्याचा आडवा धक्का रुंदीच्या दिशेने बसतो. त्यामुळे ठोकळा त्या दिशेने डोलतो. गोल पायाची नेहमीची सूत्रं वापरून या डोलण्याची वारंवारता येते १९ हर्ट्झ आणि अवमंदन, म्हणजे डोलणं विझवण्याची ताकद, क्रांतिक अवमंदनाच्या सुमारे १५ टक्के; क्रांतिक म्हणजे ठोकळा न डोलता थेट थांबेल एवढं.

आता पाचपटीचा सल्ला पाळून उंची दुप्पट करा. पाया ५८ टनांचा झाला, पण तळ तेवढाच राहिला आणि यंत्र मीटरभर वर गेलं. वारंवारता उतरली ११ हर्ट्झवर आणि अवमंदन साडेपाच टक्क्यांवर. यंत्र १२ हर्ट्झवर फिरतंय! धक्क्याची भुजाही लांबली, त्यामुळे हिशेबाने डोलण्याचा कोन आधीच्या पाचपट होतो. दुप्पट काँक्रीट घालून पाचपट त्रास.

तेच ५८ टन ५ मीटर × ४.८ मीटर × १ मीटर असे पसरवले तर वारंवारता सुमारे २३ हर्ट्झ येते आणि अवमंदन ३५ टक्क्यांच्या आसपास. पिस्टन यंत्राला दुप्पट वेगाचाही एक छोटा धक्का असतो, म्हणजे इथे २४ हर्ट्झचा. तो या वारंवारतेच्या जवळ पडतो, पण एवढ्या अवमंदनात फार फुगत नाही. हा हिशेब जमिनीवर टेकलेल्या पायाचा आहे. बाजूच्या भरावाचा आधार त्यात धरलेला नाही आणि सरकणं व डोलणं एकमेकांत मिसळतं तेही सोडलंय, म्हणून प्रत्यक्ष आकडे हलतील. शिवाय मातीतल्या लहरींचा वेग २० टक्के चुकला तर वारंवारताही तेवढीच चुकते. तो वेग जागेवर मोजून घ्यावा.

दोन मीटर उंचीचा तो पाया आधीच घातला असेल तर यंत्र बंद करताना लक्ष द्या. वेग उतरताना कंपन आधी वाढून, ६७० फेऱ्यांच्या आसपास कळस गाठून मग मरत असेल, तर यंत्र अनुनादाच्या किंचित वर चालतंय. वेग कमी होताच कंपनही सरळ कमी होत गेलं, तर या डोलण्याचा अनुनाद खाली दडलेला नाही.

रबराचंही तसंच. रबरावरच्या भागाची वारंवारता यंत्राच्या वारंवारतेपेक्षा बरीच खाली गेली तरच रबर धक्का अडवतं. १२ हर्ट्झसाठी ती निदान ८.५ हर्ट्झच्या खाली हवी, व्यवहारात ४-५. मिळेल ती जाड रबरशीट टाकली तर ती बहुधा एवढी मऊ नसते आणि अनुनाद उलट जवळ येतो.

चराचा दावा मला सगळ्यात कच्चा वाटतो. मातीत मिळणारं हे अवमंदन बहुतांशी उष्णतेत जिरत नाही, ऊर्जा लहरी होऊन दूर निघून जाते, म्हणजे शेजाऱ्याकडेच. पृष्ठभागावरच्या रॅले लहरी इथे सेकंदाला सुमारे १४० मीटर धावतात, म्हणून १२ हर्ट्झला तरंगलांबी जवळपास १२ मीटर. उघडा चर नीट उपयोगी पडायला त्याची खोली तरंगलांबीच्या साधारण ०.६ पट लागते, म्हणजे सात मीटर. मीटरभर चराखालून लहर आरामात जाते. सात मीटर खोल उघडा चर कोण सांभाळणार?

म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी यंत्राचा तोल साधून मूळ धक्काच कमी करावा. मग यंत्र व पाया यांचा एकत्र गुरुत्वमध्य तळाच्या मध्याच्या बरोबर वर आणावा आणि पाया उंच न करता रुंद करावा. पाया इमारतीच्या पायाला किंवा फरशीला कुठेही चिकटू देऊ नये. मधल्या फटीत बांधकामाचा राडारोडा अडकला की धक्का थेट भिंतीत जातो. आणि शेजारची तक्रार आली तर मोजमाप त्यांच्या मजल्यावर घ्यावं. तिथली जमीन फारशी हलत नसतानाही लांब गाळ्याच्या स्लॅबचा स्वतःचा अनुनाद कधीकधी १२ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि तेव्हा यंत्राचा वेग थोडा बदलणं सगळ्यात स्वस्त पडतं.