टँकरची फाईल पाच टेबलांवरून का फिरते?

"एका गावाला पाण्याचा टँकर द्यायला पाच खाती! ग्रामपंचायत, पंचायत समिती, तहसील, भूजल, महावितरण. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. संयुक्त पाहणी म्हणजे जीपची सहल, आढावा बैठक म्हणजे चहा-बिस्किटं. समित्या बरखास्त करा, सगळे अधिकार एकट्या कलेक्टरला द्या, दुसऱ्या दिवशी टँकर दारात. पटलं तर पुढे पाठवा."

हा मजकूर माझ्याकडे तीन गटांवरून आला. त्यातला एक गट तर आमच्या निवृत्त सहकाऱ्यांचाच, म्हणजे ज्यांनी आयुष्यभर त्या फायली हलवल्या त्यांनीही तो पुढे ढकलला! मी मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीच्या पाणीपुरवठा शाखेत नोकरी केली, बरेच उन्हाळे टंचाईच्या कामात घालवले. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी कलेक्टरच्या अधिकारांचं बघू. टंचाईचा आराखडा मंजूर करणं आणि टँकरला मान्यता देणं हे महाराष्ट्रात मुळातच जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. कडक वर्षी शासन काय करतं? टँकर मंजुरीचा अधिकार खाली प्रांतांकडे देतं. कारण उघड आहे. शंभर गावांचे प्रस्ताव एकाच टेबलावर आले की गावं रांगेत उभी राहतात. म्हणजे काम वेगानं व्हावं म्हणून अधिकार खाली सोडावा लागतो, आणि मजकूर तो वर गोळा करायला सांगतो आहे. शिवाय आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून आहेच. त्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात, आणि आणीबाणीत इतर खात्यांना कामाला लावण्याचे अधिकार त्या प्राधिकरणाला आहेत. हुकूम काढायला कोणी अडवलेलं नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कुठल्या विहिरीत पाणी उरलंय हे ग्रामसेवकाला ठाऊक असतं, तलावात किती साठा राहिलाय ते पाटबंधाऱ्याच्या शाखा अभियंत्याला, आणि पंपाच्या फीडरला वीज कधी असते ते महावितरणच्या माणसाला. हुकमानं ही माहिती एका डोक्यात येत नाही.

आता संयुक्त पाहणी. हिच्यावर मजकुराचा विशेष राग दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा एका गावची लोकसंख्या २,४०० आहे. ग्रामपंचायतीचा ठराव येतो : संपूर्ण गावाला टँकर द्या. ग्रामीण भागात टँकरच्या पाण्याचा हिशेब माणशी रोज २० लिटर असा धरतात, म्हणजे ४८,००० लिटर. १२,००० लिटरचा टँकर धरला तर रोज चार खेपा. ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि मग ते व तहसीलदार, किंवा त्यांची माणसं, मिळून गावात जातात. तिथे विहिरी एकेक करून बघायच्या, हातपंप हापसून बघायचा. अशा पाहणीत हमखास काहीतरी निघतं. या गावात समजा असं निघालं की ६०० वस्तीच्या एका वाडीवरचा हातपंप चांगला चालतो आहे. वाडी वगळली की उरतात १,८०० माणसं, म्हणजे ३६,००० लिटर, तीन खेपा. रोजची एक खेप वाचली, तर नव्वद दिवसांच्या उन्हाळ्यात नव्वद खेपा वाचल्या, आणि तेवढं पाणी शेजारच्या गावाला देता आलं.

कधी याहून मोठं काही निघतं. गावाच्या शिवारात एका शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी असतं आणि ती अधिग्रहित करता येते. मग टँकर लागतच नाही. टंचाईच्या नियमांत टँकर हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी विहिरीतला गाळ काढणं, ती खोल करणं, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळ योजना, नवीन विंधन विहीर आणि खासगी विहिरीचं अधिग्रहण एवढ्या पायऱ्या तपासायच्या असतात. अधिग्रहणाचा आदेश महसूल खात्याचा, योजनेची दुरुस्ती जिल्हा परिषदेची. एकटा गटविकास अधिकारी गेला तर दुरुस्ती सुचवून येईल, एकटा तहसीलदार गेला तर विहीर ताब्यात घेऊन येईल. दोघं एकाच विहिरीच्या काठावर उभे असले तरच यातलं स्वस्त आणि लवकर होणारं कुठलं ते तिथल्या तिथे ठरतं.

आणखी एक गोष्ट उघडपणे कोणी लिहीत नाही. टँकर हा धंदाही आहे. ज्याच्या गाड्या लागतात तो बहुधा तालुक्यातला वजनदार माणूस असतो. म्हणून टँकर मागणारा एक, गरज तपासणारे दोन वेगवेगळ्या खात्यांचे आणि मंजूर करणारा तिसरा, अशी रचना आहे. ज्याला हे 'पाच खाती' वाटतं त्यानं सगळ्या सह्या एकाच माणसाच्या असलेली टँकरची देयकं कशी दिसतील याचा विचार करून बघावा.

भूजलवाल्यांचं नाव मजकुरात आहे, पण ते करतात काय हे पाठवणाऱ्याला ठाऊक असावं असं वाटत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तिची माणसं ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात : पावसाळा संपताना, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये. पावसाळ्यानंतरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात. पाऊस सरासरीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त घटला असेल आणि पातळी तीन मीटरहून जास्त उतरली असेल तर तिथे ऑक्टोबरपासूनच टंचाई संभवते. दोन ते तीन मीटर असेल तर जानेवारीपासून, एक ते दोन असेल तर एप्रिलपासून. आराखड्याचे ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे तीन टप्पे याच हिशेबाला जुळतात. म्हणजे मार्चमध्ये कोरड्या पडणाऱ्या गावाचं नाव ऑक्टोबरातच कागदावर यायला हवं. ते आलं नाही तर मात्र दुसऱ्या दिवशी टँकर दारात आणणं कुठल्याच अधिकाऱ्याला जमत नाही. भरायचं ठिकाण, म्हणजे आमच्या भाषेत उद्भव, तेव्हा शोधावं लागतं आणि तोवर जवळचे उद्भव दुसऱ्या गावांनी धरलेले असतात.

उद्भवावरून महावितरणकडे येतो, कारण आढावा बैठकीचा खरा उपयोग मला तिथे कळला. वरच्या गावाला तीन खेपा मंजूर झाल्या. उद्भव २२ किलोमीटरवर. भरायला चाळीस मिनिटं, एका बाजूच्या प्रवासाला पाऊण तास, गावच्या विहिरीत रिकामा करायला वीस मिनिटं. एक खेप अडीच तासांची, तीन खेपा साडेसात तासांच्या. कागदावर बसतं. पण उद्भवावरचा पंप शेतीच्या फीडरवर असेल आणि त्या आठवड्यात वीज रात्रीची असेल, तर दिवसा टँकर भरणार कसा? चालक रात्री एक खेप करतो, उरलेल्या दोन वहीत होतात. गावकरी तहसीलदाराला शिव्या देतात, तहसीलदार पंचायत समितीला पत्र लिहितो, पंचायत समिती ठेकेदाराला नोटीस काढते. पत्रं पंधरा दिवस फिरतात आणि चुकीच्या माणसाला जाब विचारतात. बैठकीत महावितरणचा उपअभियंता समोर असला की प्रश्न एका वाक्याचा असतो : या पंपाला दिवसा वीज देता येईल का? तो तिथेच हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. नाही म्हणाला तर उद्भव बदलायचा. महावितरण २००५ पासून वेगळी कंपनी आहे, कलेक्टरची शाखा नाही. तिला बैठकीला बोलावावंच लागतं.

चहा-बिस्किटांच्या बैठका मी पाहिल्या नाहीत असं नाही. पुष्कळ पाहिल्या. त्या ओळखायच्या कशा तेही सांगतो. इतिवृत्तात एकच मुद्दा सलग तीन बैठकांत येतो आणि पुढे 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच असतं. अधिकाऱ्याऐवजी वरिष्ठ सहायक येतो, ज्याला 'साहेबांना विचारून सांगतो' याखेरीज काही बोलता येत नाही. आणि प्रत्येक खातं आपापली यादी घेऊन बसतं. पंचायत समिती वाड्या वेगळ्या मोजते, तहसील महसुली गाव मोजतं, त्यामुळे एकाकडे टँकरची गावं चौदा असतात नि दुसऱ्याकडे अकरा, आणि अर्धा तास कोण खरं यावर जातो. आमच्याकडे एका नायब तहसीलदारांनी यावर साधा इलाज काढला होता. एकच तक्ता. ओळीत वाडी, पुढे मंजूर खेपा, जीपीएसवर दिसलेल्या खेपा, गावच्या वहीतल्या खेपा आणि उद्भवाची वीज. जिथे आकडे जुळत नाहीत तेवढ्याच ओळींवर बोलायचं. बैठक पाऊण तासात संपायची. चहा व्हायचाच, पण उभ्या उभ्या.

एकहाती कारभाराची हौस असणाऱ्यांसाठी लातूरची २०१६ ची गोष्ट पुरेशी आहे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली, म्हणजे हुकूम काढण्यात प्रशासन कमी पडलं नव्हतं. पण हुकमानं धरण भरत नाही. पाणी मिळालं ते मिरजेहून, रेल्वेनं. १२ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी साधारण पाच लाख लिटर घेऊन लातुरात पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, एका वेळी जवळपास पंचवीस लाख लिटरची. पाणी दुसऱ्या जिल्ह्यातलं, गाडी केंद्राच्या रेल्वेची. लातूर स्थानकाजवळच्या विहिरीत ते उतरवून घ्यायचं आणि पुढे शहरभर वाटायचं. यातलं लातूरच्या कलेक्टरच्या थेट हुकमतीत किती होतं ते मोजून बघा. ती गाडी मिरजेत भरणाऱ्यांचं आणि लातुरात रिकामी करणाऱ्यांचं वेळापत्रक एक दिवस जरी चुकलं असतं तरी भरलेल्या वाघिणी रुळावर उभ्या राहिल्या असत्या.

मजकुरातली एक तक्रार मात्र मी मान्य करतो : उशीर होतो, आणि कधी कधी लाज वाटावी इतका. पण तो कुठे होतो हे फाईलच सांगते. तिच्यावर चार तारखा असतात : ग्रामपंचायतीच्या ठरावाची, गटविकास अधिकाऱ्यांच्या पत्राची, संयुक्त पाहणीची आणि मंजुरी आदेशाची. माहिती अधिकारात त्या कोणालाही मागता येतात. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी फट दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेमध्ये असायची, कारण दोन साहेबांना एक दिवस जुळत नसे. आमच्या तालुक्यात पुढे पाहणीचे वार ठरवून टाकले, मंगळवार आणि शुक्रवार. प्रस्ताव आला की पुढच्या वाराला जीप निघायची, मग साहेब असोत वा त्यांचा प्रतिनिधी.