मेलमधल्या फटींचा दोष टेबलाच्या माथी मारू नका

«मेलमध्ये इमेजांच्या मध्ये पांढऱ्या फटी येतात त्या टेबलमुळे. टेबल काढा, फ्लेक्सबॉक्स वापरा. नाहीतर वर ट्रान्झिशनल डॉकटाइप टाका, फट जाते. तेही जमलं नाही तर अख्खा मेल एकच इमेज करून पाठवा, कुठेच काही हलणार नाही.»

हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती एका दवाखान्याचे मेल तयार करते. तिने चांगला चाललेला साचा मोडायला घेतला होता, म्हणून लिहितोय.

तिच्या मेलमध्ये 600 पिक्सेल रुंदीचं बॅनर दोन तुकड्यांत, दोन ओळींच्या सेलमध्ये होतं. `cellpadding`, `cellspacing`, `border` तिन्ही शून्य. तरी मध्ये चारेक पिक्सेलची फट. तिला म्हटलं, वरच्या सेलला लाल रंग दे. फट लाल झाली, म्हणजे ती दोन सेलच्या मध्ये नाही, वरच्या सेलच्या आत, इमेजच्या खाली आहे. मग त्याच सेलचा फॉन्ट 40 पिक्सेल केला तर फट वाढली. टेबलाने केली असती तर फॉन्टने वाढली असती का?

इमेज मुळात अक्षरासारखी ओळीत बसते. इंग्रजी g किंवा y यांचं शेपूट ज्या रेषेच्या खाली उतरतं, त्या रेषेवर इमेज टेकते आणि शेपटासाठी राखलेली जागा खाली रिकामी राहते. ब्राउझरच्या बाबतीत सीएसएसचे जाणकार एरिक मायर यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीत असताना हे सविस्तर समजावून सांगितलं होतं, आणि उपाय तेव्हापासून तोच आहे:

```
<td><img src="top.jpg" width="600" height="180"
 alt="शनिवारी दवाखाना बंद" border="0"
 style="display:block;"></td>
```

इमेज ब्लॉक झाली की ती ओळीत बसत नाही आणि फट मिटते. मात्र एकाच सेलमध्ये शेजारी शेजारी दोन इमेज असतील तर त्या एकाखाली एक जातील, म्हणून प्रत्येकीला वेगळा सेल द्या. सेलचा फॉन्ट शून्य केला तरी फट जाते, पण इमेज न उघडल्यास दिसणारा `alt` मजकूरही त्याबरोबर नाहीसा होऊ शकतो. तो उपाय तपासण्यापुरता ठेवा.

फ्लेक्सबॉक्सचं थोडक्यात. विंडोजवरचं जुनं आउटलुक, 2007 पासूनचं, मेल वर्डच्या इंजिनाने दाखवतं. त्याला फ्लेक्सबॉक्सही कळत नाही आणि फ्लोटही. शेजारी हवे असलेले तीन रकाने तिथे एकाखाली एक येतात.

डॉकटाइपचं म्हणणं अर्धं खरं आहे, हे मान्य करावं लागतं. ट्रान्झिशनल डॉकटाइपने ब्राउझर एका सवलतीच्या पद्धतीत जातो आणि नुसती इमेज असलेल्या सेलमधली ती जागा सोडून देतो. म्हणून फाइल ब्राउझरमध्ये उघडली की फट दिसत नाही. पण जीमेल तुमचा मेल स्वतःच्या पानात बसवतो, तिथे डॉकटाइप त्याचा चालतो. फट परत येते, आणि माणूस म्हणतो, «माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.»

रकाने सरकण्याबाबत मात्र टेबल बांधणाऱ्याचीच चूक असते. भाचीच्या एकाच टेबलात वरच्या ओळीत 300 चे दोन सेल आणि खालच्या ओळीत 200 चे तीन होते. `colspan` लावून हे बसवलं की प्रत्यक्षात 200, 100, 100, 200 असे चार रकाने तयार होतात. मधल्या दोघांना स्वतःचा एकही सेल नाही, म्हणून त्यांची रुंदी प्रोग्रामला अंदाजाने ठरवावी लागते. ती कशी ठरवायची याची सक्ती सीएसएस 2.1 या मानकातही नाही, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने वाटतो. प्रत्येक ओळीला 600 रुंदीचं वेगळं टेबल दिलं आणि सेलवर `width` लिहिली की प्रश्न सुटतो.

आता ती एकच इमेज. राग येतो तो या सल्ल्याचा. कितीतरी आउटलुकमध्ये बाहेरून येणाऱ्या इमेज आपोआप उघडत नाहीत, तिथे रुग्णाला रिकामी चौकट दिसेल. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर इमेजमधली अक्षरं मेलमधल्या मजकुरासारखी सरळ वाचून दाखवत नाही. फोनवर 600 ची इमेज 360 मध्ये आकसली की 14 पिक्सेलचं अक्षर जेमतेम 8 चं उरतं, आणि अपॉइंटमेंटची बदललेली वेळ नेमकी त्याच अक्षरात असते. फोन नंबर कॉपी होत नाही, त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. चार पिक्सेलच्या फटीसाठी सत्तरीच्या आजींनी हे सगळं का सोसायचं?

भाचीने साचा तसाच ठेवला. प्रत्येक इमेजला `display:block` दिलं, खालच्या तीन रकान्यांचं टेबल वेगळं केलं, वेळ आणि फोन नंबर साध्या मजकुरात लिहिले. तपासणी फक्त ब्राउझरवर न सोडता तिने मेल जीमेलवर आणि दवाखान्यातल्या जुन्या आउटलुकवर पाठवून पाहिला, एकदा इमेज बंद ठेवूनही.