मावशीने नुसता पत्रिकेचा फोटो टाकला

रात्री पावणेअकराला मावशीचा व्हॉट्सअॅप आला. एक फोटो. लग्नपत्रिका, तीही अख्खी कानडीत, वर ट्यूबलाइटचा पट्टा बरोब्बर मुहूर्तावर पडलेला. खाली ना हॅलो ना प्रश्न. मी कधीकाळी नोकरीसाठी सहा वर्षं बंगळुरूला होतो, त्यामुळे घराण्यात कानडी म्हटलं की मी.

आता हिला नक्की काय पाहिजे? मी लिहिलं, "वा, अभिनंदन!" निळ्या टिका झाल्या, उत्तर नाही. म्हणजे ते नको होतं. मग वाचून हवी असेल म्हणून झूम करत बसलो आणि बरं झालं बसलो, कारण पत्रिकेत दोन तारखा होत्या आणि आपला मराठी माणूस म्हणणार पहिली लग्नाची, दुसरी रिसेप्शनची. तिथे बऱ्याचदा उलटं असतं. शनिवारी संजे म्हणजे संध्याकाळी साडेसहाला आरतक्षते, म्हणजे रिसेप्शन, आणि मुहूर्त दुसऱ्या दिवशी भानुवारी. भानुवार म्हणजे आपला रविवार, हे मलाही तिथे राहून दोन महिन्यांनी कळलं होतं. बेळिग्गे, म्हणजे सकाळी, साडेसातला. लग्नाआधीच नवरा-नवरी स्टेजवर उभे राहून हजार लोकांबरोबर फोटो काढतात, मला पहिल्यांदा वाटलं होतं आपण मुहूर्त चुकवला.

हे सगळं टाइप केलं. निळ्या टिका. शांतता.

मग जायचं कसं ते हवं असेल. उद्यान एक्स्प्रेस पुण्याहून दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूला पोचते, म्हणजे शुक्रवारी निघालात तर दोन्ही कार्यक्रम, शनिवारी निघालात तर गाडी पोचेपर्यंत अक्षता पडूनही गेलेल्या. हेही पाठवलं. काही नाही. शेवटी आहेराचं म्हणून लिहिलं की खाली 'आशीर्वादवे उडुगोरे' छापलंय, म्हणजे आशीर्वाद हाच आहेर, पण आपल्याकडेही हेच छापतात आणि पाकिटं सगळे नेतातच, तेव्हा एक रुपया वर ठेवून काय ते बघ.

सव्वाबाराला फोनच आला.

"अरे किती लिहितोस! ते तळाशी बारीक अक्षरात नावं आहेत ना, त्यात आमच्या ह्यांचं आहे का ते सांग फक्त."

'सुखागमन बयसुववरु' म्हणजे आपल्याकडचे 'आपले विनीत'. एकवीस नावं होती, दोनदा वाचली. काका नव्हते. शेवटी 'मत्तु बंधु मित्ररु' होतं.

"म्हणजे?"

"आणि नातेवाईक, मित्रमंडळी."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"पाकिटाचं काय म्हणालास मगाशी? आशीर्वाद चालतो ना?"